कार्यक्रम सावरणाऱ्या निवेदिकेला काय लिहावं?

‘आमच्या संस्थेच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्याची जबाबदारी सचिव म्हणून माझ्याकडे होती. सोहळा संध्याकाळी ६ चा आणि ९ ला सभागृह रिकामं करून द्यायचं. प्रमुख पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली, ते सव्वासातला पोहोचले. पुरस्कार त्यांच्याच हस्ते द्यायचे होते, तेही २४. पुरस्कारार्थींवरची चित्रफीत ऐन वेळी सुरूच झाली नाही. पण आमच्या निवेदिकाताईंनी मागच्या वर्षीच्या पुरस्कारार्थींना मंचावर बोलावून बोलतं केलं, शेवटी ठेवलेलं गायन आधी घेतलं, चित्रफितीऐवजी स्वतःच तीन पुरस्कारार्थींबद्दल सांगितलं आणि ८:५० ला कार्यक्रम संपवला. कोषाध्यक्षांचं मनोगत मात्र राहून गेलं, ते नाराज आहेत. ताईंना संदेश पाठवायला मी लिहिलं : “आपल्या ओघवत्या व बहारदार निवेदनाने कार्यक्रमाला चार चांद लागले. मनःपूर्वक आभार.” वाचून मलाच समाधान वाटेना. अध्यक्ष म्हणतात, झालेला गोंधळ लेखी नको. मग लिहू काय?’
— एक सचिव

सचिव महोदय,

तुमच्या दोन ओळींत खोटं काही नाही. पण त्या ताईंच्या बोलण्याबद्दल आहेत आणि त्या संध्याकाळी कामी आले ते त्यांचे निर्णय. सगळं ठरल्यासारखं पार पडलं असतं, तरी तुम्ही हाच मजकूर पाठवला असता. म्हणून तो तुम्हाला अपुरा वाटतोय, आणि तुमचं वाटणं बरोबर आहे.

मी स्वतः निवेदन करते. कार्यक्रम विस्कटायला लागला की आमची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी चाललेली असते : जे बदललं ते समोरच्यांना जाणवू नये. ते साधलं तर प्रेक्षक ‘छान झाला कार्यक्रम’ म्हणत घरी जातात. मंचावर काय हलवलं, काय गाळलं, कशासाठी वेळ काढला, याचा त्यांना पत्ता नसतो. ते ओळखू शकतो तो फक्त आयोजक, कारण मूळ कार्यक्रमपत्रिका त्याच्या खिशात असते. तेव्हा तुमच्या संदेशात ताईंना वाचायला मिळायला हवं ते हे, की मूळ पत्रिका माहीत असलेल्या माणसाने त्यांचं काम ओळखलं.

त्यासाठी आधी तुम्हाला ते नीट पाहावं लागेल. तुम्ही त्या वेळी बहुतेक फोनवर पाहुण्यांचा ठावठिकाणा विचारत असणार. म्हणून लिहायला बसण्याआधी ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाशी आणि मंचामागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याशी थोडा वेळ बोला. सहा ते सव्वासात या काळात ताईंनी त्यांना काय काय सांगितलं, एवढंच विचारा.

तुम्ही जुन्या पुरस्कारार्थींच्या गप्पा आणि गायन या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहिल्या आहेत. माझा अंदाज आहे की तो एकच निर्णय होता. गायन शेवटी ठेवलं होतं, म्हणजे सहा वाजता गायक-वादक तयार नव्हते. मंचावर खुर्च्या आणि भाषणाचा माईक होता. गाणाऱ्यांची बैठक मांडायची, वाद्यं जुळवायची, प्रत्येकापुढे माईक ठेवून आवाज तपासायचा, यात सगळे चटपटीत असले तरी दहा-पंधरा मिनिटं जातात. ‘आता आपण गायन ऐकू या’ असं सरळ जाहीर केलं असतं, तर तेवढा वेळ सभागृहाने माईकची खुडबुड ऐकली असती. आणि पाहुणे आलेले नसताना मंचावर काही घडत नाही असं दिसलं, की लोक घड्याळाकडे बघू लागतात, मागच्या रांगा उठून बाहेर जातात आणि पुन्हा जमत नाहीत.

जुन्या पुरस्कारार्थींशी गप्पा चालल्या होत्या तेव्हा ते मंचाच्या एका कडेला उभे होते का, ते आठवून पाहा. तसं असेल, तर उरलेल्या मंचावर तेवढ्यात गायनाची मांडामांड चालली होती. गप्पांमुळे तो वेळ झाकला गेला. कार्यकर्त्याला हेही विचारा, की ताईंनी त्या माणसांना आधी जागेवर जाऊन गाठलं होतं का. प्रेक्षकांतून अचानक नाव पुकारलं की माणूस गडबडतो आणि दोन वाक्यांत आटोपतो, किंवा आटोपतच नाही. आधी कानात ‘तुम्हाला अमुक एक प्रश्न विचारणार आहे’ एवढं सांगितलं, तर उत्तर बेताचं येतं. आणि माईक त्यांनी बोलणाऱ्याच्या हातात न देता स्वतःच त्याच्यापुढे धरला असेल, तर तेही मुद्दाम केलेलं असतं. माईक आपल्या हातात असला की बोलणं कुठे थांबवायचं हेही आपल्या हातात राहतं.

पाहुण्यांच्या उशिराबद्दल ताई मंचावरून काय म्हणाल्या, ते शब्दशः कुणाला आठवत असेल तर मिळवा. इथे बहुतेक कार्यक्रम हातचे जातात. निवेदक धीर देण्यासाठी ‘पाहुणे पाचच मिनिटांत पोहोचताहेत’ म्हणतो, पाच मिनिटं उलटतात, तो पुन्हा तेच म्हणतो. तिसऱ्या वेळी त्याच्या कुठल्याच शब्दावर कुणाचा विश्वास राहत नाही. मग पुढे तो ‘लवकर आटोपू’ म्हणाला तरी लोक उठतात. जाणता निवेदक एकदाच खरं सांगतो, वेळ सांगत नाही आणि लगेच पुढच्या गोष्टीकडे वळतो. ताईंनी असं केलं असेल, तर ते संदेशात यायलाच हवं. त्या एका वाक्यावर पुढचे अडीच तास उभे होते.

आता पुरस्कार. ते पाहुण्यांच्याच हातून द्यायचे असल्यामुळे सव्वासातच्या आधी एकही देता येत नव्हता. नेहमीच्या पद्धतीने नाव पुकारायचं, माणूस रांगेतून उठून मंचापर्यंत येणार, मग कार्याचा परिचय वाचायचा, सन्मान, छायाचित्र, आणि तो उतरल्यावर पुढचं नाव. यात एकेकाला दोन मिनिटं सहज लागतात. चोवीस जणांची ४८ मिनिटं झाली. पाहुण्यांचं स्वागत आणि भाषण धरलं तर नऊची वेळ पाळणं अवघड होतं. तुमच्याकडे छायाचित्रं किंवा चित्रीकरण असेल. त्यात पहिला पुरस्कार आणि शेवटचा यांत किती वेळ गेला ते बघा. मला वाटतं तो अर्ध्या तासाच्या आसपास निघेल, म्हणजे एकेकाला सव्वा मिनिट.

हा वेळ कुठून काढला ते महत्त्वाचं आहे. परिचय कापून तो काढता येतो, पण तसं केलं तर ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे त्याचेच शब्द कमी होतात. पुरस्कार घेणाऱ्याच्या घरचे लोक ती चार वाक्यं ऐकायला आलेले असतात. दुसरा मार्ग असा, की पुढच्या तिघा-चौघांना आधीच मंचाच्या पायऱ्यांपाशी उभं करायचं आणि एकजण चालत येत असतानाच त्याचा परिचय वाचायचा. चालण्याचा आणि थांबण्याचा वेळ वाचतो, परिचय पूर्ण राहतो. त्याला खाली रांग लावणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला ते ताईंनीच सांगितलं असणार. याशिवाय दोन पुरस्कारांच्या मध्ये निवेदकाची स्वतःची तयारी असते : एखादी काव्यपंक्ती, जोडणारा एखादा किस्सा. ती बहुधा पूर्ण गाळली गेली. अनेक दिवस जमवलेलं आपलं आपणच टाकून देणं निवेदकाला जड जातं. त्याची दखल सहसा कुणी घेत नाही, कारण जे बोललंच गेलं नाही ते कुणाला ऐकू येत नाही. तुम्ही घ्या.

चित्रफितीच्या जागी त्यांनी तिघांबद्दल सांगितलं, ते ऐन वेळी सुचलेलं नव्हतं. ज्याला पुरस्कारार्थींची फक्त यादी माहीत असते, तो चित्रफीत बंद पडली की ‘तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व’ म्हणून थांबतो. ताईंना सांगता आलं, याचा अर्थ त्यांनी पुरस्कारार्थींची माहिती आधी मागवून वाचली होती. मनाशी आठवून पाहा, सोहळ्याच्या आधी त्यांनी तुम्हाला फोन करून कुणाच्या नावाचा उच्चार, कुणाच्या कामाचा तपशील विचारला होता का? तेव्हा कदाचित तुम्हाला तो जाच वाटला असेल. संदेशात त्या फोनचा उल्लेख करा.

इथपर्यंत जे मिळेल ते सगळं लिहायचं नाही. दोन किंवा तीन गोष्टी निवडा, ज्या तुम्ही स्वतः पाहिल्या किंवा खात्रीने कळल्या. माझे अंदाज चुकीचे निघाले तर ते सोडून द्या. न घडलेल्या गोष्टीची स्तुती मिळाली की आपण मंचावर असताना कुणाचंच लक्ष नव्हतं, हे निवेदकाला लगेच कळतं. ‘कुणाला काही कळलंसुद्धा नाही’ असंही लिहू नका. पहिल्या दोन रांगांना सगळं कळलेलं असतं आणि ताईंना ते माहीत आहे. लोक बसून राहिले, एवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

कोषाध्यक्षांची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, मला मात्र ती सगळ्यांत निकडीची वाटते. वेळ कमी पडला की काहीतरी गळणारच. पण जे गळतं त्याचा राग निवेदकावर निघतो, कारण पुढचं नाव त्याने पुकारलेलं असतं. कार्यक्रमानंतर ताईंच्या मनात कौतुकापेक्षा हाच विचार जास्त घोळत असेल, की कोषाध्यक्षांनी काय मनात धरलं असेल, आणि संस्था कुणाच्या बाजूने आहे. तुम्ही गोड शब्दांचं पत्र पाठवलं आणि याबद्दल गप्प राहिलात, तर ते गप्प राहणंच त्यांना जास्त ऐकू येईल.

म्हणून आधी कोषाध्यक्षांना भेटा. त्यांना सांगा, की नऊची वेळ संस्थेने कबूल केली होती, तेव्हा काहीतरी गाळणं भागच होतं, आणि पुरस्कारार्थींचा वेळ कापण्यापेक्षा आपल्यातल्याच एकाचं मनोगत राहिलेलं बरं. त्यांचं लिहिलेलं मनोगत संस्थेच्या अहवालात किंवा वार्तापत्रात छापायची तयारी दाखवा. ते झाल्यावर संदेशात एक वाक्य लिहा, की तो निर्णय संस्थेला मान्य आहे आणि तुम्ही त्यांच्याशी बोलला आहात. न बोलताच हे वाक्य लिहू नका, कारण ताईंची आणि कोषाध्यक्षांची गाठ पुढे कुठेतरी पडणार.

अध्यक्षांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. लिहिलेलं पुढे कुठे फिरेल सांगता येत नाही. पाहुण्यांच्या वाचनात ते आलं तर त्यांना खजील व्हावं लागेल, आणि गाडी बंद पडणं हा काही त्यांचा दोष नाही. पण काय बिघडलं ते अजिबात लिहायचं नाही म्हटलं, तर ताईंनी काय सावरलं तेही लिहिता येत नाही. यावर उपाय म्हणजे दोन मजकूर करा. एक ताईंना वैयक्तिक, त्यात सगळं स्पष्ट असेल. दुसरा संस्थेच्या नावाने, चार वाक्यांचा, जो कुणीही वाचला तरी चालेल. वैयक्तिक मजकुरातही घटना सांगा, माणूस नको : ‘पाहुण्यांना पोहोचायला उशीर झाला’, ‘चित्रफीत सुरू झाली नाही’. चित्रफीत आधी चालवून कुणी पाहिली नव्हती, वगैरे चौकशी संस्थेच्या बैठकीत करा. आभाराच्या पत्रात ‘आमच्या ढिसाळपणामुळे तुम्हाला किती त्रास झाला’ असं लिहीत बसलात, तर ताईंना उलट तुमची समजूत काढावी लागते.

वैयक्तिक मजकूर मी असा लिहीन. तुमच्या चौकशीत वेगळं निघेल तिथे बदला.

‘प्रिय ताई,

सोहळा झाल्यावर सभागृह रिकामं करून देण्याच्या घाईत तुमच्याशी बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सहा वाजता माझ्या हातातल्या पत्रिकेतला एकही कार्यक्रम सुरू करण्यासारखा नव्हता. तुम्ही पाहुण्यांच्या उशिराबद्दल लोकांना एकदाच आणि खरं सांगितलंत. त्यानंतर सव्वासातपर्यंत मला फोनवरून सभागृहाकडे धावत यावं लागलं नाही. मागच्या वर्षीच्या पुरस्कारार्थींशी तुमच्या गप्पा चालू होत्या, त्याच वेळात मागे गायनाची मांडणी पूर्ण झाली, हे मला नंतर ध्वनिव्यवस्थेच्या मंडळींकडून कळलं. लोक जागेवर बसून राहिले.

पुरस्कारांच्या वेळी घाई करायला सबळ कारण होतं. तरीही चोवीसच्या चोवीस जणांचा परिचय तुम्ही पूर्ण वाचलात. वेळ वाचवण्यासाठी तुम्ही तुमची स्वतःची तयारी बाजूला ठेवलीत, हे माझ्या लक्षात आलं. चित्रफितीच्या जागी तुम्ही तिघांबद्दल जे सांगितलंत ते ऐकताना, आदल्या आठवड्यात तुम्ही मला फोन करून एवढे तपशील का विचारत होतात, ते कळलं.

कोषाध्यक्षांचं मनोगत घेता आलं नाही. त्या वेळी तोच निर्णय योग्य होता आणि तो संस्थेचा निर्णय आहे असं आम्ही मानतो. मी त्यांच्याशी बोललो आहे. त्यांचं मनोगत आम्ही अहवालात छापत आहोत. त्याचं ओझं तुम्ही मनावर ठेवू नका.

८:५० ला कार्यक्रम संपला तेव्हा सभागृह भरलेलं होतं. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

आपला,
(नाव), सचिव’

यात ‘बहारदार’ नाही, ‘ओघवतं’ नाही, तरी मला वाटतं ताई हे जपून ठेवतील. तुम्हाला एखादं विशेषण घालावंसं वाटलंच, तर ते शेवटच्या वाक्यात घाला. आधीच्या परिच्छेदांत घातलंत तर घडलेल्या गोष्टी त्याखाली झाकल्या जातात. ‘पुढच्या वर्षीही तुम्हीच या’ हे वाक्य मी मुद्दाम ठेवलेलं नाही. ते प्रेमाने लिहिलं जातं, पण आभाराच्या पत्रात आलं की मागणं वाटतं. बोलवायचं असेल तर तारीख ठरल्यावर स्वतंत्र फोन करा, आणि तेव्हा मानधनाचंही बोला.

मानधनावरून आठवलं. या वेळचं द्यायचं राहिलं असेल, तर पत्र पाठवण्याच्या आधी ते पोहोचतं करा. मानधन अडलेलं असताना आलेलं कौतुक वाचताना मन मोकळं राहत नाही.

संस्थेच्या नावाचा मजकूर असा :

‘आमच्या संस्थेच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्याचं निवेदन आपण केलंत. ऐन वेळी कार्यक्रमाचा क्रम बदलावा लागला, तेव्हा आपण समयसूचकतेने सर्व भागांची नव्याने जुळणी केलीत आणि २४ पुरस्कारार्थींचा यथोचित परिचय करून देत सोहळा नियोजित वेळेत पूर्ण केलात. पुरस्कारार्थींविषयीचा आपला अभ्यास सर्वांना जाणवला. संस्था आपली आभारी आहे.’

यात पाहुण्यांचा उशीर नाही, चित्रफीत नाही. ‘क्रम बदलावा लागला’ एवढं अध्यक्षांना मान्य व्हायला हरकत नसावी. तेवढंही ते खोडायला सांगतील, तर त्यांना समजावा, की या पत्राचा ताईंना उपयोग आहे तो त्याच वाक्यामुळे. नवीन आयोजक निवेदकाची चौकशी करतो तेव्हा आवाज कसा आहे ते तो ऐकून ठरवू शकतो. क्रम मोडल्यावर हा माणूस काय करतो, ते त्याला दुसऱ्या आयोजकाकडूनच कळतं. म्हणून हा मजकूर संस्थेच्या छापील पत्रावर, तारीख आणि सहीसह द्या, म्हणजे ताईंना तो कुणालाही दाखवता येईल.

वैयक्तिक संदेश आधी आणि दोन-तीन दिवसांत जाऊ द्या, तुम्हाला आणि त्यांनाही तपशील ताजे आहेत तोवर. संस्थेचं पत्र अध्यक्षांच्या सहीसाठी आठवडाभर थांबलं तरी चालेल. संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर आभार टाकायचे असतील तर हा दुसराच मजकूर टाका, आणि कोषाध्यक्षांची भेट झाल्यावरच टाका.